बोटं, भुवया आणि मधली जागा

आमच्या टीममध्ये दोन वर्षांपूर्वी एक टेस्टर आली. ती डेफ आहे. मराठीत 'कर्णबधिर' हा शब्द आहे, पण ती स्वतःबद्दल सांगताना 'डेफ' म्हणते, म्हणून मीही तोच वापरतो. कामात तिच्याशी बोलायला काहीच अडचण नव्हती. बग कुठल्या स्क्रीनवर, कुठल्या क्रमाने बटणं दाबल्यावर येतो, हे ती इतकं नेमकं लिहिते की डेव्हलपरला परत विचारावं लागत नाही. मीटिंगमध्ये कॅप्शन चालू असायच्या. उरलेलं सगळं चॅटवर.

अडायचं ते दुपारी दीड वाजता, कँटीनमध्ये. टेबलावर सहा जण, आणि मराठी, हिंदी, इंग्रजी यांची मिसळ. एकाचं वाक्य दुसरा तोडतो, तिसरा हसतो, चौथ्याच्या तोंडात घास. अशा बोलण्याला कॅप्शन पुरत नाही आणि ओठ वाचून तर काहीच हाती लागत नाही. मग कुणीतरी हसण्याचं कारण फोनवर टाइप करून तिला दाखवायचं. ते वाचून ती हसेपर्यंत टेबल पुढच्या विषयावर गेलेलं असायचं. बऱ्याचदा तर 'काही नाही, असंच' एवढंच टाइप व्हायचं.

मग मी पुण्यातल्या एका संस्थेचा पायाभूत कोर्स लावला. इंडियन साइन लँग्वेज, म्हणजे आयएसएल. बारा रविवार, दर रविवारी तीन तास, शेवटी परीक्षा आणि प्रमाणपत्र. मला वाटलं होतं, दोन-तीनशे खुणा पाठ करायच्या आणि त्या मराठी वाक्यासारख्या एकापुढे एक लावायच्या. खुणा पाठ झाल्या, त्यात फार कष्ट नव्हते. कष्ट पडले ते हाताबाहेरच्या गोष्टींना. या भाषेतलं निम्मं व्याकरण चेहऱ्यावर असतं आणि उरलेल्यातलं बरंचसं समोरच्या रिकाम्या हवेत.

शिकवणारे सर स्वतः डेफ होते. वर्गात शिरताना दारावर एक चित्र होतं, ओठांवर आडवी रेघ. आत आल्यावर आवाज बंद. सरांना कुणाचं लक्ष हवं असेल तर ते हात हलवायचे, खांद्यावर हलकी थाप द्यायचे किंवा सगळ्यांसाठी एकदम दिव्याचं बटण दोनदा चालू-बंद करायचे. आम्ही चौदा जण होतो: बी.एड. करणारे काही, बँकेत काउंटरवर बसणारे एक काका, आणि चार वर्षांच्या डेफ मुलीची आई.

पहिल्या दिवशी सरांनी सर्वांत आधी शिकवलं ते पाहायचं कुठे हे. नवशिक्याचे डोळे हातांच्या मागे धावतात, कारण हलतात ते हात. सर आमच्या हनुवटीला बोट लावून नजर वर उचलायचे. बघायचं चेहऱ्याकडे, हात डोळ्यांच्या कडेने दिसतात, आणि तेवढे पुरतात. गाडी चालवताना आपण रस्त्याकडे बघतो, तरी बाजूने आलेली रिक्षा दिसते, तसं. ही सवय लागायला मला चार रविवार गेले. ती का लावतात ते मात्र नंतर कळलं.

आधी बोटं. फिंगरस्पेलिंग म्हणजे शब्दाचं स्पेलिंग बोटांनी करणं. इंटरनेटवर शोधलंत तर पहिल्यांदा सापडेल ती अमेरिकन पद्धत, एका हाताची. आपल्याकडची वर्णमाला दोन हातांची आहे आणि तिचं नातं ब्रिटिश वर्णमालेशी आहे. आमच्या वर्गात शिकवली त्या पद्धतीत स्वर डाव्या हाताच्या पाच बोटांच्या टोकांवर बसतात. उजव्या तर्जनीने डावा अंगठा टेकला की 'ए', तर्जनी टेकली की 'ई', मधलं बोट 'आय', अनामिका 'ओ', करंगळी 'यू'. उजव्या हाताची तीन बोटं डाव्या तळव्यावर ठेवली की 'एम', दोन ठेवली की 'एन'. 'सी' मात्र एकाच हाताने होतो, अक्षरासारखाच अर्धगोल. डावखुऱ्या माणसाने हे सगळं उलट हातांनी केलं तरी चालतं, फक्त मधेच हात बदलायचे नाहीत.

माझं नाव ओंकार. त्यात एक गंमत आहे. कंपनीच्या आयडीवर ते 'एम'ने लिहिलंय, शाळेच्या दाखल्यावर 'एन'ने. मराठीत दोन्ही एकच. तो नुसता एक अनुस्वार आहे. बोटांवर मात्र तळव्यावर तीन बोटं टेकली की दोन, एवढाच फरक उरतो. आणि घाईत तिसरं बोट अर्धवट टेकलं की समोरचा थांबतो.

मराठी माणसाला या वर्णमालेची खरी अडचण जाणवते ती 'ळ'पाशी. वर्णमाला रोमन आहे, त्यामुळे 'वेळ' आणि 'वेल' यांचं स्पेलिंग एकच होतं, 'काळे' आणि 'काले' यांचंही एकच. व्हॉट्सॲपवर रोमनमध्ये मराठी लिहिताना जे हरवतं, तेच इथेही हरवतं. वाक्यातून उलगडा होतो, पण नुसतं आडनाव सांगायचं असेल तर होत नाही. बँकेतल्या काकांना याचा फार त्रास झाला, कारण त्यांचं रोजचं काम आडनावांशीच होतं. शेवटी सरांनी त्यांना साधा उपाय सांगितला: आडनाव देवनागरीत लिहूनच घ्या. जिथे पेनाने काम होतं तिथे बोटांचा हट्ट धरू नये.

अक्षरं करणं एका आठवड्यात जमतं. वाचणं जमत नाही. कारण आपण एकेक अक्षर गोळा करून मनात शब्द जुळवायला जातो, आणि चौथं अक्षर येईपर्यंत पहिलं सांडलेलं असतं. सर त्यावर एक खेळ घ्यायचे. ते एखाद्या गावाचं नाव भराभर करत, पण आधी 'महाराष्ट्रातलं शहर' एवढं सांगत. पहिलं अक्षर पकडायचं, शेवटचं पकडायचं, शब्दाची लांबी बघायची आणि अंदाज करायचा. सुरुवातीला 'पी', मधे कुठेतरी करंगळीला स्पर्श, शेवटी तर्जनीला स्पर्श, आणि सगळं मिळून छोटं. पुणे! सहाव्या-सातव्या रविवारी असे शब्द अक्षरांऐवजी एका हालचालीसारखे दिसायला लागतात. पाटीवरचं 'स्वारगेट' आपण तरी कुठे अक्षरं लावून वाचतो?

करणाऱ्यानेही काही पथ्यं पाळायची असतात. हात छातीसमोर एकाच जागी ठेवायचे, प्रत्येक अक्षराला उसळू द्यायचे नाहीत. ओठांनी 'पी, यू, एन, ई' असं म्हणायचं नाही; म्हणायचंच तर अख्खं 'पुणे' म्हणायचं. वेगापेक्षा एकसारखी लय महत्त्वाची. आणि मुख्य म्हणजे फिंगरस्पेलिंग माणसांची नावं, गावं आणि ज्यांना खूण नाही असे शब्द यांच्यापुरतंच ठेवायचं. नवशिक्या अडला की स्पेलिंग करत सुटतो. एकदा मी 'पाऊस' हा शब्द इंग्रजीत अक्षरं लावून सांगू लागलो, तेव्हा सरांनी खिडकीकडे बोट केलं. बाहेर पडत होता. दोन्ही हातांची बोटं वरून खाली पाडली की झालं.

नावाचंही पुढे स्पेलिंग करावं लागत नाही. डेफ मंडळी ओळखीच्या माणसाला एक खूण देतात, ती त्याची साइन नेम. आपण स्वतःची ठरवायची नसते, ती मिळते. माझा चष्मा सारखा खाली घसरतो, म्हणून मधल्या बोटाने चष्मा वर सरकवणं हे माझं नाव झालं. 'एम' की 'एन' हा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदा सुटला.

आता चेहरा. दुसऱ्या रविवारी सरांनी तीन खुणा केल्या: तू, जेवण, संपलं. म्हणजे 'तू जेवलास.' मग त्याच तीन खुणा पुन्हा, त्याच क्रमाने, त्याच वेगाने. फक्त या वेळी भुवया वर, डोळे मोठे, डोकं किंचित पुढे. 'तू जेवलास?' हात एका केसाइतकेही बदलले नव्हते. ज्या प्रश्नाचं उत्तर हो किंवा नाही असतं, त्याचं प्रश्नचिन्ह कपाळावर असतं. मराठीत बोलताना आपण आवाज चढवतो किंवा शेवटी 'का' लावतो. तेच काम इथे भुवया करतात.

हे ऐकायला सोपं आहे. चुकतं ते असं. पहिल्या खुणेला भुवया वर जातात, पण दुसरी-तिसरी खूण आठवण्याच्या नादात त्या खाली येतात. म्हणजे वाक्य प्रश्न म्हणून सुरू होतं आणि विधान म्हणून संपतं. समोरचा 'बरं' अशा अर्थी मान हलवतो आणि उत्तराची वाट बघणारे आपण तसेच उभे. आपला प्रश्न पोहोचला की नाही, हे ओळखायची हीच खूण: डेफ माणसाने उत्तर न देता नुसती मान हलवली, तर भुवया कुठेतरी पडल्या. त्या शेवटच्या खुणेपर्यंत धरून ठेवायच्या आणि वर एक क्षणभर तशाच ठेवून उत्तराची वाट पाहायची.

'कोण, कुठे, कधी, किती' हे प्रश्न वेगळ्या रीतीने होतात. मराठीत हे सगळे शब्द 'क'ने सुरू होतात, जणू 'क' हाच प्रश्न आहे आणि पुढचा भाग विषय सांगतो. आयएसएलमध्ये जवळपास असंच घडतं. उल्रिके झेशान या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी भारत आणि पाकिस्तानातल्या साइन लँग्वेजचा अभ्यास केला आहे. त्यांनी नोंदवलंय की प्रश्नाची एकच सर्वसाधारण खूण असते आणि तिच्याआधी विषयाची खूण जोडली जाते. जागा आणि प्रश्न मिळून 'कुठे', वेळ आणि प्रश्न मिळून 'कधी', आकडा आणि प्रश्न मिळून 'किती', चेहरा आणि प्रश्न मिळून 'कोण'. आणि प्रश्न येतो वाक्याच्या शेवटी. 'तू कुठे राहतोस?' हे 'तू, राहणं, जागा, काय?' असं होतं. मराठी सवयीने 'कुठे' मधे घातलं की वाक्य अडखळतं. नकारही शेवटी येतो, हाताची 'नाही'ची खूण आणि बरोबर मान हलवणं. तिथे मात्र आपल्याला बरं वाटतं, कारण 'मला माहीत नाही' म्हणताना आपणही 'नाही' शेवटीच ठेवतो.

चेहऱ्याच्या बाबतीत वर्गात सर्वांत पुढे होती ती त्या छोट्या मुलीची आई. 'पाऊस' म्हणताना रिमझिम असेल तर तिची बोटं हलकेच उतरायची आणि चेहरा निवांत असायचा. मुसळधार असेल तर हात मोठे, वेगाने, आणि डोळे बारीक होऊन खांदे वर. 'खूप', 'थोडा', 'भयंकर' या शब्दांसाठी वेगळी खूण तिला लागतच नव्हती. आम्ही आयटीवाले आणि बँकवाले मात्र लाजून हसत खुणा करायचो. सर एकाला थांबवून फळ्यावर लिहायचे: 'आजी वारली, आणि तू हसतोस?' चेहऱ्यावरचं हसू ही तुमची लाज आहे, हे समोरच्याला कळत नाही. त्याला ते वाक्याचा भाग वाटतं. मान डोलावण्याचंही तसंच. व्हिडिओ कॉलवर आपण 'ऐकतोय' हे दाखवायला सतत मान हलवतो. इथे ती 'हो' म्हणून मोजली जाते, आणि मग सर विचारतात, 'कळलं ना? आता तू सांग.'

पहिल्या दिवशी नजर चेहऱ्यावर ठेवायला का लावली होती, ते इथे लक्षात आलं. हातांवर बसून राहिलो असतो तर शब्द दिसले असते आणि वाक्य निसटलं असतं.

तिसरी गोष्ट जागा. हिने मला सर्वांत जास्त दमवलं आणि सर्वांत जास्त आनंदही दिला. कंबरेपासून डोक्याच्या थोडं वरपर्यंत, आणि दोन्ही कोपरं बाजूला काढली तर जेवढी रुंदी होते तेवढी, अशी एक अदृश्य चौकट आपल्यासमोर असते. खुणा तिच्यात होतात. पण ही चौकट नुसता पडदा नाही. तिच्यातल्या जागांना अर्थ देता येतो.

सरांनी दिलेलं एक वाक्य घेऊ: 'भावाने बहिणीला पुस्तक दिलं. बहिणीने ते मला दिलं.' आधी 'भाऊ' ही खूण करायची आणि उजवीकडच्या एका बिंदूकडे बोट दाखवायचं. आता तो बिंदू म्हणजे भाऊ. मग 'बहीण' ही खूण आणि डावीकडच्या बिंदूकडे बोट. तो बिंदू म्हणजे बहीण. मग 'पुस्तक': दोन्ही तळवे जोडून पुस्तकासारखे उघडायचे. आणि शेवटी 'देणं'. हा हात उजव्या बिंदूपासून निघतो आणि डाव्या बिंदूपाशी थांबतो. पहिलं वाक्य संपलं. दुसऱ्या वाक्याला कुणाचंच नाव घ्यावं लागत नाही. 'देणं' डाव्या बिंदूपासून निघून माझ्या छातीपाशी येतं. झालं.

यात 'ने' कुठे आहे? 'ला' कुठे आहे? हाताच्या प्रवासात. निघाला तिथे 'ने', पोहोचला तिथे 'ला'. तोच हात डावीकडून उजवीकडे नेला तर बहिणीने भावाला दिलं असा अर्थ होतो, बाकी काहीही न बदलता. मी प्रोग्रामर असल्यामुळे मला हे व्हेरिएबलसारखं वाटलं: आधी डिक्लेअर करा, मग कितीही वेळा वापरा. फक्त इथे व्हेरिएबलची यादी कुठेही लिहिलेली नसते. ती बोलणाऱ्याच्या आणि बघणाऱ्याच्या डोक्यात एकाच वेळी असावी लागते.

नवशिक्याचं इथे हमखास बिघडतं. 'देणं' ही खूण तो पाठ करतो छातीपासून पुढे, आणि वाक्यातही तशीच करतो. मग भाऊ, बहीण सगळे जागेवर राहतात आणि अर्थ निघतो 'मी दिलं'. किंवा तीन माणसं आली की तिसऱ्याला चुकून पहिल्याच्याच जागी बसवतो. हे घडलं की समोरच्याचे डोळे सांगतात. तुमचा हात जिथे थांबला त्या बिंदूकडे त्याची नजर जाते, तिथे त्याला अपेक्षित माणूस सापडत नाही, आणि नजर परत तुमच्या चेहऱ्यावर येते. तेव्हा पुढे रेटायचं नाही. नाव पुन्हा घ्यायचं, बोट पुन्हा दाखवायचं.

पाहणाऱ्याची अडचण वेगळी. सरांचा उजवा हात म्हणजे समोर बसलेल्या माझा डावा. यासाठी आठव्या रविवारी जोड्या करून एक सराव झाला. एकाने स्वतःच्या खोलीचं वर्णन करायचं, दुसऱ्याने कागदावर नकाशा काढायचा. बँकेतल्या काकांनी सांगितलं: दारातून आत आलं की उजवीकडे कपाट, समोर खिडकी, खिडकीखाली पलंग. अर्ध्या वर्गाच्या नकाशात कपाट डावीकडे गेलं. नियम असा की जागा नेहमी सांगणाऱ्याच्या बाजूने समजायची. सर म्हणाले, मनातल्या मनात उठा, त्याच्या पाठीमागे जाऊन उभे राहा आणि त्याच्या खांद्यावरून बघा. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यावर सराव करणाऱ्यांचा यात आणखी गोंधळ होतो, कारण स्क्रीनवर स्वतःची छबी आरशासारखी उलटी दिसते. सराव रेकॉर्ड करायचा तर मागचा कॅमेरा लावावा.

माणसांची हालचालही याच जागेत होते. उभी तर्जनी म्हणजे उभा माणूस. खाली वळवलेली दोन बोटं म्हणजे चालणारे पाय. दोन तर्जन्या समोरासमोरून आल्या, एक थांबली, दुसरी न थांबता वळसा घालून गेली: ओळख असूनही कुणीतरी न बोलता निघून गेलं, ही अख्खी हकिकत चार सेकंदांत होते. ती सांगायला मराठीत मला आत्ता एक ओळ लागली, आणि वळसा किती मोठा होता ते त्यात आलंही नाही.

शेवटची पायरी म्हणजे दुसऱ्याचं बोलणं सांगणं. 'सांगणं' ही खूण तोंडापासून निघते आणि ज्याला सांगितलं त्याच्या जागेकडे जाते. पण सांगणारा मी नसेन तर? मग खांदे थोडे वळवायचे, नजर बदलायची आणि क्षणभर तो माणूस व्हायचं. आई मुलाला रागावतेय असं सांगायचं तर आधी आई होऊन खाली बघायचं, मग मुलगा होऊन वर. मराठीतलं 'ती म्हणाली, तो म्हणाला' इथे खांद्याच्या वळणात असतं.

हे मी वर्गात शिकलो. त्याचा अर्थ मला कँटीनमध्ये कळला.

दहाव्या आठवड्यात आमची ही टेस्टर चार दिवस रजेवर होती. परत आल्यावर त्या दिवशी टेबलावर आम्ही दोघंच होतो. मी विचारलं, काय झालं. तिने माझ्यासाठी वेग निम्मा केला आणि सांगितलं. पुढचं मी तिला विचारून लिहितोय.

तिने वडलांना तिच्या उजवीकडे ठेवलं, भावाला डावीकडे, आईला त्याच्या पलीकडे. डॉक्टर वर, थोडे उंचावर. वडलांच्या छातीत दुखत होतं, दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी वडलांना सांगितलं: हात वरून उजवीकडे आला. मग तिने खांदे वळवले, ती वडील झाली, आणि हात तोंडापासून डावीकडे, भावाकडे गेला. पुन्हा खांदे वळले, भावाने आईला सांगितलं. आईने फोन उचलला, मावशीला सांगितलं. मावशीसाठी तिने लांब, चौकटीच्या अगदी कडेला जागा केली. हात वरून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे, डावीकडून आणखी डावीकडे, तिथून कडेला. प्रत्येक वेळी तो तिच्या छातीसमोरून जात होता. तिच्या छातीपाशी एकदाही थांबला नाही.

मग ती स्वतः झाली. आईकडे बघून भुवया वर: 'काय झालं?' असं नाही, तर 'बाबा बरे आहेत?' असा हो-नाहीचा प्रश्न. आणि मग खांदे वळवून ती आई झाली. चेहरा एकदम गोड, डोळे भलतीकडे, आणि हाताची एक हलकी झटक. ही खूण मला कुणी शिकवली नव्हती, पण तिचं मराठी मला ठाऊक होतं. काही नाही, असंच.

मी तिच्या वडलांच्या जागेकडे बोट केलं. दोघांच्या बोलण्यात जागा एकच असते; तिची उजवी, ती माझी डावी, हवेतला बिंदू तोच. 'आता ठीक?' असं विचारलं आणि भुवया शेवटपर्यंत धरून ठेवल्या. ती म्हणाली, ठीक आहेत, एक स्टेंट बसवला. मग मी विचारलं, 'तुला सांगितलं, कोण?' प्रश्न शेवटी.

तिने वडील, भाऊ, आई या तिन्ही जागांकडे एकेकदा बोट केलं आणि प्रत्येकाला मान हलवली. मग दोन्ही हातांनी एक फाइल उघडली. 'मी वाचलं.' डिस्चार्जची फाइल.

ती चिडून सांगत नव्हती. तिच्या घरातली माणसं तिच्यावर जीव टाकतात, हेही तिने सांगितलं. भाऊ तिला रोज स्टेशनवर सोडतो. फक्त त्यांच्यातल्या कुणालाच साइन येत नाही. ती शिकली शाळेच्या हॉस्टेलमध्ये, मोठ्या मुलींकडून, वर्ग सुटल्यावर. कारण वर्गात भर होता तो बोलायला आणि ओठ वाचायला शिकवण्यावर. घरी ती ओठ वाचते आणि तिच्याशी छोटी वाक्यं बोलतात: जेव, झोप, चल. दवाखान्यातली गोष्ट छोट्या वाक्यात बसत नाही, म्हणून ती 'नंतर' सांगायची ठरते. हे सगळं तिने मला मराठीत टाइप करून दाखवलं असतं तर मी 'अरेरे' म्हटलं असतं. पण हवेत तो हात चार वेळा तिच्यासमोरून गेलेला मी पाहिला होता.

परीक्षा झाली दोन आठवड्यांनी. तीन भाग होते. स्वतःची ओळख आणि पाच प्रश्न. फिंगरस्पेलिंगने केलेले दहा शब्द वाचणं. आणि तीन माणसं असलेली एक हकिकत बघून तीच पुन्हा सांगणं. तिसऱ्या भागात गुण खुणांना कमी आणि जागांना जास्त होते: माणसं बसवली तिथेच राहिली का, 'देणं' योग्य दिशेने गेलं का, प्रश्नाला चेहरा होता का. मी पास झालो. सर्वांत जास्त गुण त्या आईला मिळाले. परीक्षेला तिची मुलगी खिडकीबाहेर उभी राहून काचेतून तिला काहीतरी सांगत होती, आणि ती परीक्षकांना हाताने थांबवून तिला उत्तर देत होती.

या प्रमाणपत्राने काय येतं आणि काय नाही, तेही सांगतो. एक माणूस समोर बसून माझ्या वेगाने बोलला तर मी रोजच्या गोष्टी बोलू शकतो. दोन डेफ माणसं आपसात बोलत असतील तर मला फार तर एकतृतीयांश कळतं. रंग, वार, गावं यांच्या खुणा शहरागणिक आणि शाळेगणिक बदलतात, त्यामुळे नागपूरच्या माणसासमोर माझी पुण्यातली एखादी खूण चालेलच असं नाही. तेव्हा दुसरी विचारून घ्यायची. दिल्लीच्या आयएसएलआरटीसी या सरकारी संस्थेने 2021 मध्ये दहा हजार शब्दांचा व्हिडिओ शब्दकोश पुरा केला, तो मी अडलो की उघडतो. आणि दवाखान्यात किंवा पोलिस ठाण्यात कुणासाठी दुभाषा म्हणून उभं राहायचं नाही, हे सरांनी शेवटच्या दिवशी फळ्यावर लिहून खाली दोन रेघा मारल्या. त्यासाठी दोन वर्षांचा वेगळा डिप्लोमा असतो. तिथे 'ने' आणि 'ला' उलटले तर त्याचे परिणाम भलत्याच माणसाला भोगावे लागतात.

कँटीनमध्ये आता आम्ही खिडकीला पाठ करून बसत नाही. मागून उजेड आला की चेहरा काळा दिसतो, आणि चेहरा गेला की प्रश्न गेला. टेबलावरच्या दोघांना स्वर येतात, एकाला शिव्या येतात. गेल्या महिन्यात तिचा भाऊ तिला घ्यायला ऑफिसच्या गेटवर आला होता. त्याने मला विचारलं, हा क्लास कुठे असतो. मी पत्ता दिला, आणि पुढची बॅच कधी सुरू होते तेही. रविवारी सकाळी दहाला, पहिल्या दिवशी वेळेवर जा, कारण दार बंद झाल्यावर ठोठावून उपयोग नाही.